ब्लॅकवर्कमध्ये शेडिंग कसं आणायचं: एकच पॅटर्न, सहा पायऱ्या आणि एक गोळा

ब्लॅकवर्क म्हणजे पांढऱ्या कापडावर धागे मोजून काळ्या दोऱ्याने केलेलं भरतकाम, त्यात रंग एकच, काळा. म्हणजे गडद-फिकट दाखवायचं तर दोऱ्याची शेड बदलून चालत नाही, तेवढ्याच जागेत रेषा किती आहेत त्यावर सगळं ठरतं. रेषा जास्त तर कापडाचा पांढरा कमी दिसतो आणि लांबून ते गडद वाटतं, रेषा कमी तर करडं, अगदीच विरळ तर जवळपास पांढरं. हे ऐकायला सोपं आहे पण बहुतेक जणी (मी पण सुरुवातीला) काय करतात तर पुस्तकातले पाच वेगवेगळे सुंदर पॅटर्न घेतात, गडदला हा, मध्यमला तो, आणि मग ते शेजारी शेजारी भरले की गोधडीचे तुकडे जोडल्यासारखं दिसतं, गोलाई येतच नाही. कारण नजर आधी पॅटर्न बदलला हे बघते, गडदपणा बदलला हे नंतर.

म्हणून मी आता एकच पॅटर्न घेते आणि त्यातल्या रेषा कमी कमी करत जाते. इथे तोच प्रकार एका साध्या गोळ्यावर शेवटपर्यंत करून दाखवते, कारण गोळ्यावर जमलं की पान, पक्षी, चेहरा कशावरही तेच लॉजिक चालतं.

आधी एक शब्दांचं ठरवून घेऊ नाहीतर गोंधळ होईल. कापडाच्या विणीतला तो धागा, आणि सुईतला तो दोरा. पूर्ण लेखात असंच.

कापड आणि दोरा

मी धरतेय २८ काउंटचं ईव्हनवीव्ह, म्हणजे एका इंचात उभे २८ धागे आणि आडवे पण २८. एक टाका २ धाग्यांवर घ्यायचा, म्हणजे इंचाला १४ टाके. १४ काउंटची आयडा असेल तर एक टाका एका चौकटीवर, माप तेच येतं, फक्त आयडाची वीण जाड गठ्ठ्यांची असते त्यामुळे विरळ भागात ते चौकोनच जास्त दिसतात आणि टाका हरवतो. फिकट शेडसाठी लिननसारखं सपाट कापड खरंच बरं.

कापडावर लेबल काहीही असो, पट्टी ठेवून दोन्ही दिशांना एकेक इंच मोजाच. एकीकडे २८ आणि दुसरीकडे २६ असं निघालं तर ८० धाग्यांचा गोळा एका बाजूने साधारण २.८६ इंच आणि दुसरीकडून ३.०८ इंच होतो, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटरचा फरक, गोळ्याचं सरळ अंडं होतं. भूमितीच्या बॉर्डरला हे खपून जातं पण गोल आकाराला नाही.

दोरा नेहमीचा सहा पदरी कॉटनचा, त्यातला एकच पदर काढायचा, लांबी साधारण ४५ सेंटीमीटर, त्याहून लांब घेतला की वारंवार कापडातून जाऊन त्याचा केस उभा राहतो आणि पांढऱ्यावर ते लगेच दिसतं. सुई बोथट टोकाची, २६ नंबर. टोकदार सुई धागा फोडते आणि मग टाका भोकाच्या मधोमध न बसता अर्ध्या धाग्याने सरकतो. काळा दोरा वापरायच्या आधी एक तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा, रंग सुटला तर तो दोरा या कामाला नको.

पॅटर्न: एक खण, चोवीस टाके

आता ग्राफ पेपर घ्या. आपला एक खण म्हणजे ४ टाके रुंद आणि ४ टाके उंच, कापडावर ८ धागे गुणिले ८ धागे. हा खण सगळीकडे रिपीट होत जाणार.

सगळ्यात गडद अवस्थेत खणात तीन गोष्टी आहेत. एक, खणाची स्वतःची चौकोनी कड. चारही बाजूंना ४-४ टाके आहेत पण प्रत्येक बाजू शेजारच्या खणाशी वाटून घेतलेली, म्हणून एका खणाच्या वाट्याला ८ टाके येतात. दोन, चारही बाजूंचे मधले बिंदू जोडणारा डायमंड, त्याच्या प्रत्येक बाजूत २ तिरके टाके, एकूण ८. आणि तीन, मधल्या बिंदूतून चारही दिशांना निघून डायमंडच्या टोकांपर्यंत जाणारा अधिक चिन्हाचा क्रॉस, प्रत्येक हात २ टाक्यांचा, म्हणजे परत ८. झाले २४.

इथून खाली उतरायचं. नियम एकच, फिकट पायरीत जे टाके आहेत ते सगळे गडद पायरीत असलेच पाहिजेत. नवीन आकार मध्येच आणायचा नाही, फक्त टाके गाळायचे.

पायरी ६ म्हणजे पूर्ण २४ टाके. पायरी ५ मध्ये खणाची कड गाळली, राहिला डायमंड आणि पूर्ण क्रॉस, १६ टाके. पायरी ४ मध्ये क्रॉसचे हात अर्धे केले, म्हणजे मध्ये छोटं अधिक (एकेक टाक्याचे चार हात) आणि भोवती डायमंड, १२ टाके. पायरी ३ मध्ये डायमंडच्या प्रत्येक बाजूतला एक टाका गाळायचा, राहिले ८. पायरी २ मध्ये फक्त छोटं अधिक, ४ टाके. पायरी १ मध्ये तेच अधिक पण एकाआड एक खणात, बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणजे सरासरी २. त्याच्यापुढे कोरं कापड.

पायरी ३ वर जरा थांबते कारण तिथेच माझं एक अख्खं काम बिघडलं होतं. डायमंडच्या बाजूतला नेमका कुठला टाका गाळायचा? मी आधी डाव्या आणि उजव्या टोकाला लागलेले टाके ठेवले आणि वरच्या-खालच्या टोकाचे गाळले. एका खणात ते छान दिसतं. पण चार-पाच खण शेजारी आले की दोन खणांच्या टोकांना मिळून गुणिले चिन्ह तयार होतं, ते बरोबर अधिकांच्या ओळीत बसतं, आणि सगळं काळं एका आडव्या पट्ट्यात गोळा होऊन मधली पट्टी रिकामी राहते. लांबून पट्टेरी कापड दिसायला लागलं, शेडिंग नाही.

उपाय असा की भिंगरीसारखं गाळायचं. वरच्या टोकापासून उजवीकडे उतरणारा टाका ठेवा, उजव्या टोकापासून खाली-डावीकडे जाणारा ठेवा, खालच्या टोकापासून डावीकडे चढणारा, आणि डाव्या टोकापासून वर-उजवीकडे जाणारा. प्रत्येक टोकाचा एकच. मग शेजारच्या खणाचा टाका त्याला येऊन मिळतो आणि प्रत्येक टोकावर दोन टाक्यांची एक छोटी तिरकी रेघ तयार होते, वरच्या-खालच्या टोकांवर एका बाजूला कललेली, डाव्या-उजव्या टोकांवर दुसऱ्या बाजूला. सगळीकडे सारखं पसरतं, पट्टा पडत नाही. तुम्ही दुसरा कुठला पॅटर्न घेतलात तरी ही परीक्षा घ्याच: गाळलेला खण एकटा बघू नका, निदान ३ गुणिले ३ खण काढून बघा.

अजून एक. टाके मोजून गडदपणाचा अंदाज येतो पण पूर्ण बरोबर येत नाही, कारण तिरका टाका सरळ टाक्याच्या साधारण १.४ पट लांब असतो. ते धरून हिशोब केला तर पायऱ्यांमध्ये दोऱ्याची लांबी साधारण २, ४, ९.६, १५.२, १९.२ आणि २७.२ टाक्यांइतकी येते. म्हणजे २ वरून ३ वर जाताना गडदपणा एकदम दुपटीहून जास्त वाढतो आणि ४ वरून ५ ला अगदी थोडा. हे डोक्यात ठेवा, नकाशा करताना लागेल.

नमुन्याची पट्टी

हे कंटाळवाणं वाटतं पण सोडू नका. त्याच कापडाच्या कडेला, त्याच दोऱ्याने प्रत्येक पायरीचे ३ गुणिले ३ खण भरा (पायरी १ पुरते ४ गुणिले ४ घ्या, नाहीतर एकाआड एक कळत नाही). ३ खण म्हणजे २४ धागे, जेमतेम सव्वादोन सेंटीमीटर. मग पट्टी भिंतीला टाचून दोन-तीन मीटर लांब उभं राहा आणि डोळे बारीक करा. पॅटर्न विरघळून नुसते करडे चौकोन दिसले पाहिजेत, एकापेक्षा एक गडद. फोनवर फोटो काढून तो अगदी अंगठ्याएवढा छोटा करून बघितला तरी चालतं. दोन पायऱ्या एकसारख्या दिसत असतील तर त्यातली एक सोडून द्या, पाच पायऱ्यांमध्ये पण सुंदर काम होतं.

इथे अनेकांना वाटतं की गडद करायला दोन पदर घेऊ. माझं मत, भरण्यात नको. दोन पदरांनी या छोट्या खणात पायरी ६ बुजून जाते, पॅटर्न दिसतच नाही, नुसता काळा डाग. आधी रेषांच्या संख्येने जेवढं गडद होतं तेवढं करा. जाडी बाहेरच्या रेघेसाठी राखून ठेवा.

गोळ्याचा नकाशा

गोळा १० खण रुंद आणि १० खण उंच, म्हणजे ८० धागे. ग्राफ पेपरवर १० गुणिले १० मोठे चौकोन आखून त्यात वर्तुळ काढा. उजेड वरून डावीकडून येतोय असं ठरवा. आता टाके नाही काढायचे, प्रत्येक चौकोनात फक्त पायरीचा आकडा लिहायचा.

सगळ्यात उजळ जागा डावीकडून चौथा, वरून चौथा खण. तो कोरा. बरोबर मधोमध ठेवू नका, मधोमध ठेवला की गोळा सपाट थाळीसारखा दिसतो. तिथून बाहेर आकडे वाढत जातात पण सगळ्या दिशांना सारखे नाही, डावीकडे कड जवळ आहे म्हणून थोडेच वाढतात, उजवीकडे-खाली लांबवर वाढत राहतात. माझी वरून चौथी ओळ अशी आहे, डावीकडून: ३, २, १, कोरा, १, २, ३, ४, ५, ५. यातले दोन्ही टोकांचे खण वर्तुळाने थोडे कापले जातात.

आणि वरून आठवी ओळ, त्यात दुसऱ्यापासून नवव्यापर्यंतचे खण पूर्ण आहेत: ४, ४, ४, ५, ५, ६, ६, ५. शेवटचा आकडा बघा. गडद सहा आल्यावर अगदी कडेला परत पाच केलाय. गोळा ज्यावर ठेवलाय तिथून थोडा उजेड उलटा वर येतो, त्यामुळे सगळ्यात गडद भाग कडेवर नसतो, कडेच्या थोडा आत असतो. हा एक खण जरी फिकट केला तरी गोळा मागच्या बाजूला वळतोय असं दिसतं, आणि तो विसरलात तर कड कात्रीने कापल्यासारखी वाटते.

वर म्हटलं ना २ आणि ३ मध्ये उडी मोठी आहे, म्हणून त्या सीमेवर सरळ रेघ पडू देऊ नका. सीमेच्या ओळीत एक खण २ चा, एक ३ चा असं आलटून पालटून टाका. ४ आणि ५ च्या सीमेला एवढं करायची गरज नाही, तिथे कोणाला कळत पण नाही.

कापडावर मोजायची सोय

वर्तुळ पेन्सिलने काढून आत कुठूनतरी भरायला सुरुवात करू नका, एक धागा चुकला की पुढचे सगळे खण चुकतात. आधी कच्चे टाके घालून जाळी करा. मी फिकट रंगाच्या शिलाईच्या दोऱ्याने धावदोरा घालते, ८ धागे वर, ८ धागे खाली. म्हणजे प्रत्येक कच्चा टाकाच एक खण मोजून देतो, वेगळं मोजावं लागत नाही. अशा उभ्या-आडव्या ओळी दर १६ धाग्यांवर, म्हणजे दर दोन खणांवर पुरेत. गडद लाल-निळा दोरा नको, त्याचे तंतू पांढऱ्यात अडकून राहतात. पातळ नायलॉनची तार मिळाली तर आणखी चांगली, कारण सुई तिला टोचत नाही आणि शेवटी सरळ ओढून निघते.

जाळी पूर्ण झाली की उभ्या ओळी आणि आडव्या ओळी शेवटाला एकाच ठिकाणी येतात का बघा. आत्ता चूक सापडली तर पाच मिनिटांचं काम, नंतर सापडली तर रडू येतं.

भरायचा क्रम: फिकटाकडून गडदाकडे

सगळ्यात महत्त्वाचं हेच. काळा दोरा पांढऱ्या कापडातून उसवला की करडी लव मागे राहते, आणि ती नेमकी उजळ भागात दिसते. म्हणजे टाका वाढवणं कायम सोपं, काढणं महाग. आपल्या पायऱ्या एकमेकीत बसणाऱ्या आहेत त्यामुळे आपल्याला हे जमतं: आधी सगळीकडे कमी भरायचं, लांबून बघायचं, आणि मग पाहिजे तिथे चढवायचं.

पहिल्या फेरीत नकाशातल्या २ ते ४ आकड्यांच्या सगळ्या खणांत छोटी अधिक चिन्हं, आणि १ च्या भागात एकाआड एक खणात. एका अधिकाच्या हाताच्या टोकापासून शेजारच्या अधिकाच्या टोकापर्यंत ४ धाग्यांचं अंतर असतं, तेवढं मागून दोरा नेला तर चालतं. त्याहून लांब नेऊ नका, पातळ कापडातून मागचा काळा दोरा करड्या सावलीसारखा दिसतो आणि ती सावली तुमच्या नकाशात कुठेच नसते. पायरी १ मधली अधिक चिन्हं लांब लांब असतात, तिथे मी प्रत्येक अधिक सुटं करते आणि शेपूट त्याच चार टाक्यांखालून ओवून तिथेच कापते. वेळ जातो, पण ती मोजकीच असतात.

मग पायरी ३ च्या खणांत तिरक्या रेघा. भिंगरी पद्धतीचा एक फायदा इथे कळतो, तिरक्या रेघेचं टोक आणि अधिकाच्या हाताचं टोक यांत फक्त २ धाग्यांचं अंतर राहतं, त्यामुळे मागून लांब उडी मारावीच लागत नाही.

त्यानंतर ४, ५, ६ च्या भागात डायमंड. डायमंड एकेक करून भरू नका. ओळीतल्या सगळ्या डायमंडचा वरचा भाग मिळून एक नागमोडी रेघ होते, खालचा भाग मिळून दुसरी. जाताना एक टाका वर एक खाली असा धावदोरा घालत जायचं, परत येताना सुटलेल्या जागा भरायच्या. यालाच होल्बाइन टाका म्हणतात, चित्रकार हान्स होल्बाइनच्या सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या पोर्ट्रेटमध्ये कॉलर आणि बाह्यांच्या कडांवर असं काम दिसतं म्हणून ते नाव पडलं. उलटी टीप घातली तरी समोरून तसंच दिसतं, पण मागे दुप्पट दोरा जातो आणि कापड जाड होतं, म्हणून भरण्याला मी होल्बाइनच वापरते. परत येताना एक काळजी घ्या: प्रत्येक भोकात आधीच्या टाक्याच्या एकाच बाजूने वर या आणि दुसऱ्या बाजूने खाली जा, कायम तसंच. कधी वरून कधी खालून केलं तर रेघ करवतीसारखी दिसते.

तिरका टाका ओढताना हात हलका ठेवा. जोरात ओढला की धागे बाजूला सरकतात आणि भोक मोठं होतं, गडद भागात भोकांची रांगच दिसायला लागते. दोरा कापडावर नुसता टेकला पाहिजे.

आता ५ आणि ६ च्या भागात क्रॉसच्या सरळ रेघा, ओळभर आडव्या, मग उभ्या. तिथे आपण छोटी अधिक चिन्हं आधी केलीच नव्हती कारण या रेघांमध्ये ती आपोआप येतात.

इथे थांबा. कापड रिंगमधून काढा, भिंतीला टाचा, लांब जा, आणि शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. कारण आता फक्त पायरी ६ ची चौकोनी कड राहिलीय आणि ती एकदम आठ टाके वाढवते. बऱ्याच वेळा नकाशात १० खण ६ चे लिहिलेले असतात आणि कापडावर ६-७ पुरतात. कड घालताना शेजारचा खण ५ चा असेल तरी ६ च्या खणाची चौथी बाजू पूर्ण करा, मधली रेघ गडद खणाची धरायची.

कडेचे अर्धवट खण

वर्तुळाच्या कडेला खण कापले जातात. तिथे पॅटर्न वर्तुळाच्या आतल्या शेवटच्या भोकापर्यंतच न्यायचा, लागलं तर टाका २ ऐवजी १ धाग्यावर घ्यायचा. रेघेबाहेर काही जाऊ द्यायचं नाही, आणि कड गाठायला टाका वाकडा ताणायचा पण नाही, एक धाग्याची फट राहिली तर बाहेरची रेघ ती झाकते.

बाहेरची रेघ सगळ्यात शेवटी, दोन पदरांनी, देठाच्या टाक्याने. पण पूर्ण गोळ्याला नका घालू. उजवीकडून खालून घाला, वर येताना एका पदरावर या, आणि वर-डावीकडे उजेडाच्या बाजूला सोडून द्या. तिथे कड फक्त पायरी ३ च्या टाक्यांनी बनते. सगळीकडून सारखी जाड रेघ घातली तर आतलं सगळं शेडिंग फिकं पडतं, हे मी एकदा पूर्ण झालेल्या कामावर करून बसले आणि ती डावी रेघ उसवलेली जागा अजून करडी दिसते.

पूर्ण झाल्यावर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा आणि उलटा फिरवून बघा. उलटं केल्यावर गोळा नाही ओळखला, नुसते गडद-फिकट डाग बघितले, की कुठे उडी बसलीय ते लगेच सापडतं. बहुतेक वेळा ती २ आणि ३ च्या सीमेवरच असते, आणि तिथे २ च्या एक-दोन खणांत एकेक तिरकी रेघ वाढवली की मिटते. मग कच्चे टाके ओढून काढा, कोमट पाण्यात न चोळता बुडवा, आणि उलटं करून जाड टॉवेलवर इस्त्री, म्हणजे टाके दबत नाहीत.